निरोपाच्या कार्डात चिमटा काढायचा, पण कुणाला?

कुणाचा ऑफिसातला शेवटचा दिवस जवळ आला की एक मोठं कार्ड पाकिटात घालून टेबलाटेबलावरून फिरायला लागतं. आपल्या हातात येतं तेव्हा आत बारा-पंधरा जणांनी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' लिहिलेलं असतं. मग आपल्याला वाटतं, काहीतरी गमतीचं लिहू या. वाटणं अगदी बरोबर आहे, कारण त्या बारा शुभेच्छा घरी जाऊन कुणी पुन्हा वाचत नाही. घोटाळा पुढे होतो. हातात पेन, शेजारी पुढचा माणूस वाट बघत उभा, आणि पहिला सुचलेला टोमणा थेट कार्डावर उतरतो.

कार्डातला विनोद आणि समोरासमोरची चेष्टा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. समोर बोलताना आपला चेहरा दिसतो, आवाजातली थट्टा कळते, समोरचा जरा कसनुसा झाला तर आपण लगेच सावरून घेतो. कार्डात यातलं काहीच नाही. ते कार्ड घरी जातं. तिथे नवरा किंवा बायको वाचते, मुलं मोठ्याने वाचून दाखवतात, आई-वडील चष्मा लावून वाचतात. या मंडळींना ऑफिसातला संदर्भ ठाऊक नसतो, त्यामुळे ते शब्द जसेच्या तसे घेतात. 'तुमच्या झोपा आम्हाला आठवतील' हे मीटिंगमधल्या एका प्रसंगाबद्दल असतं, पण घरी त्याचा अर्थ एवढाच निघतो की हा माणूस कामावर झोपायचा.

माझं मत सरळ आहे. कार्डातला चिमटा जाणाऱ्याला काढायचाच नाही. तो स्वतःला काढायचा, नाहीतर मागे राहणाऱ्या ऑफिसला. जाणारा माणूस त्या वाक्यात असला पाहिजे, त्याची ओळखीची सवयही असली पाहिजे, पण हसं व्हायचं ते आपलं.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, हिशेब विभागातल्या एक मॅडम बदली होऊन चालल्या आहेत. त्यांची ख्याती अशी की कुणाचंही बिल एका झटक्यात मंजूर करत नाहीत. पावती जोडलेली नाही, तारीख चुकली, बेरीज जुळत नाही, काही ना काही निघतंच, आणि बिल लाल पेनाच्या खुणांसह परत येतं. सगळ्या ऑफिसला हे माहीत आहे आणि मॅडम स्वतःही त्यावर हसतात.

पहिल्या झटक्यात सुचतं ते असं: 'मॅडम, आता बिलं परत कोण पाठवणार? सुटलो बुवा आम्ही!' लिहिणाऱ्याच्या मनात प्रेमच आहे, पण वाक्य काय सांगतं? तुम्ही जाताय याचा आम्हाला आनंद आहे, असं. निरोपाच्या कार्डात सुटकेचा सूर चालत नाही, मग तो कितीही लाडाचा असो.

मग आपण जरा सुधारतो: 'तुमच्या लाल पेनाची दहशत आम्ही कधीच विसरणार नाही.' सुटका गेली, पण दहशत आली. शिवाय 'कधीच विसरणार नाही' हे स्तुतीसारखं वाटतं आणि नसतं. मॅडम हसतील, पण घरी गेल्यावर मनात येईल, खरंच आपली एवढी भीती वाटायची का लोकांना? ज्या विनोदानंतर माणूस स्वतःबद्दल विचारात पडतो, तो फसला.

आता नेम फिरवायचा. त्या बिलं परत पाठवतात म्हणजे नेमकं काय करतात? आपल्या चुका पकडतात. तर मग: 'मॅडम, तुमच्याकडून एकदा परत आलेलं बिल पुढे कुठेच अडलं नाही. आता पहिल्याच वेळी बेरीज बरोबर करायला शिकावं लागणार, या वयात!' इथे लाल पेन न लिहिताही दिसतं. सवय तीच आहे, पण ती त्यांचं कसब म्हणून आली आणि बावळट ठरलो आपण. 'या वयात' हा शेवटचा टोलाही लिहिणाऱ्यावरच आहे. हे घरी कुणीही मोठ्याने वाचलं तरी मॅडमची मान ताठच राहील. त्याखाली एक ओळ अगदी साधी, विनोदाशिवायची: 'मार्चअखेरीला तुम्ही शेजारी बसून समजावून सांगितलंत, ते लक्षात आहे.' बस. वीस-पंचवीस शब्दांत गंमत आणि एक ओळ मनापासून, यापेक्षा जास्त लिहायची गरज नसते. तिसऱ्या वाक्यात विनोद समजावून सांगायला लागलो की तो मेलाच म्हणून समजा.

ती साधी ओळ गमतीच्या नंतर यायला हवी, आधी नको. आधी कौतुक आणि मग चिमटा असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात चिमटा उरतो. उलट केलं की कौतुक उरतं.

सवय निवडताना एक कसोटी पुरते: त्या माणसाने स्वतः, चार लोकांत, आपणहून त्यावर विनोद केलेला आहे का? केला असेल तर ती सवय वापरायला मोकळीक आहे. आपण त्याच्या पाठीमागे त्यावर हसतो, एवढ्याने ती मिळत नाही. उशिरा येणं हे याचं नेहमीचं उदाहरण. ज्याला उशिरावरून साहेबांनी कधी बोलावून घेतलं असेल, ज्याच्या घरी आजारी माणूस असेल, त्याच्यासाठी ती गंमत नाही, आणि हे आपल्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. त्यापेक्षा निरुपद्रवी गोष्टी शोधा: टेबलावरच्या रंगीत चिठ्ठ्या, फाइलींना दिलेली लांबलचक नावं, प्रत्येक मीटिंगच्या शेवटी येणारा 'फक्त एक शेवटचा मुद्दा', प्रिंटर बिघडला की सगळ्यांनी त्यांच्याकडेच धाव घेणं. वजन, केस, वय, पगार, लग्न, बोलण्याची ढब, जात, धर्म, तब्येत, जुनी चूक, कुणाशी जोडलेलं नाव, यांना हातही लावायचा नाही. 'पण आमचं तसं नातं आहे' असं वाटत असेल तर तो विनोद फोनवर करा. कार्ड चाळीस जण वाचतात, आणि त्या चाळिसांचं तसं नातं नसतं.

जाण्याचं कारण काय, हेही बघावं लागतं. चांगली नोकरी मिळून चाललेल्या माणसाला 'आम्हाला या गोंधळात टाकून चाललात' चालून जातं. पण नोकरीवरून कमी केलेल्या माणसाला तेच वाक्य जखमेवर मीठ होईल. तिथे विनोद असलाच तर एकत्र केलेल्या कामातल्या एखाद्या बारीक तपशिलाचा, जाण्याबद्दल अजिबात नाही. निवृत्तीच्या वेळी 'आता दुपारी निवांत झोपा', 'आता घरच्यांची परीक्षा' या ओळी इतक्या जणांनी लिहून झालेल्या असतात की त्यात विनोदही उरलेला नसतो, वर माणूस आता बिनकामाचा झाला असं सूचित होतं. नव्या ऑफिसला नावं ठेवणं आणि जुन्या साहेबांवर शेरे मारणंही टाळा. साहेबांनीही त्याच कार्डावर सही केलेली असते.

आणि संबोधन बदलू नका. वर्षभर 'अहो सर' म्हणणाऱ्याने कार्डात एकदम 'काय रे' केलं तर ते मोकळं वाटत नाही, उर्मट वाटतं. कागदावर 'हाहा' आणि हसरे चेहरे काढायची वेळ येत असेल, तर वाक्य मुळात टोचतं आहे हे आपल्यालाच कळलेलं असतं.

आता ज्या गोष्टीकडे कुणीच बघत नाही तिच्याकडे येऊ. एकेक ओळ सौम्य असूनही अख्खं कार्ड क्रूर होऊ शकतं. समजा एक जण सारखा मोबाइल विसरतो. पहिला लिहितो, 'मोबाइल घेतलास ना?' छान. त्याच्याखालचा तेच वाचतो, त्यालाही तेच सुचतं. असं करता करता सोळा नोंदींपैकी नऊ नोंदी विसरभोळेपणावर जातात. नऊ जण सुटे सुटे प्रेमळच आहेत, पण कार्ड उघडणाऱ्याला दिसतं ते एवढंच की इतक्या वर्षांत माझी एवढीच ओळख झाली. पहिली ओळ पुढच्यांना वाट दाखवते, म्हणून पहिली ओळ कुणी लिहायची हे कार्ड फिरवणाऱ्याने ठरवावं. विनोदवीराला कार्ड सगळ्यात आधी देऊ नका. आधी एक-दोन साध्या, जिव्हाळ्याच्या नोंदी येऊ द्या, मग तो. वीस नोंदींत चार-पाच गमतीच्या पुरेत, आणि त्याही वेगवेगळ्या गोष्टींवर. आपल्या आधी कुणी तीच गंमत केलेली दिसली, तर आपली सोडून द्यायची. जड जातं, पण सोडायची.

कार्ड फिरवणाऱ्याने आणखी दोन कामं करावीत. पाकिटात कार्डाबरोबर चार-पाच कोऱ्या चिठ्ठ्या ठेवाव्यात, म्हणजे लोक आधी त्यावर लिहून बघतील. कार्डावर थेट लिहिताना जागा संपत येते, शेवटचे शब्द दाटीवाटीने चढतात आणि नेमकी ती साधी, मनापासूनची ओळ गळते. उरतो नुसता टोमणा. दुसरं म्हणजे कार्ड निरोपाच्या आदल्या दिवशी परत हातात यावं, समारंभाच्या दहा मिनिटं आधी नाही. ती संध्याकाळ कार्ड अथपासून इतिपर्यंत वाचायला हवी असते, जाणाऱ्याच्या घरचा माणूस वाचतोय असं समजून.

वाचताना एखादी ओळ खटकलीच, तर त्यावर पांढरा रंग लावू नका आणि खाडाखोड तर मुळीच नको. झाकलेलं काय होतं हे उजेडात धरून बघितल्याशिवाय कुणी राहत नाही. लिहिणाऱ्याला बाजूला घेऊन सांगा, 'घरी वाचतील तेव्हा याचा वेगळा अर्थ निघेल, जरा दुसरं लिहितोस का?' बहुतेक जण लगेच तयार होतात, कारण घरचे वाचतील हे डोक्यातच आलेलं नसतं. मग त्या जागेवर नेमक्या मापाचा जाड कागद किंवा सगळ्यांचा एकत्र फोटो पूर्ण चिकटवायचा, नुसत्या कोपऱ्यांना गोंद लावून नाही, आणि नवी ओळ त्यावर किंवा शेजारी घ्यायची. एकच चिकटवलेला चौकोन संशयास्पद दिसतो, म्हणून आणखी दोन ठिकाणी छोटे फोटो लावून टाका. मग ती सजावट वाटते. ऑनलाइन कार्ड असेल तर हा सगळा व्याप वाचतो, कारण बहुतेक ठिकाणी कार्ड बनवणाऱ्याला पाठवण्याआधी नोंद काढता येते. फक्त लिहिणाऱ्याला न सांगता काढू नका, समारंभात तो आपली ओळ शोधत बसतो.

राहिला कार्ड देण्याचा क्षण. 'वाचा, वाचा, मोठ्याने वाचा' असा आग्रह कुणीतरी हमखास करतं. तो मोडून काढायचं काम कार्ड फिरवणाऱ्याचंच. लिहिलेलं कितीही सौम्य असलं तरी साहेबांसमोर उभं राहून स्वतःवरच्या गमती स्वतः वाचायच्या आणि हसूही आणायचं, ही शिक्षाच झाली. पाकीट बंद करूनच द्यावं आणि लगेच फोटोसाठी सगळ्यांना बोलवावं.