खाते परत मिळवून देण्याची सुलभ व्यवस्था

कर्मचाऱ्यांच्या लॉगिनसाठी पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी मोबाइलसारख्या उपकरणातली डिजिटल किल्ली, आणल्याबद्दल आपले अभिनंदन. सर्व्हरकडे फक्त सार्वजनिक किल्ली असते, खाजगी किल्ली कर्मचाऱ्याकडेच राहते आणि ज्या डोमेनसाठी पासकी नोंदवली त्याखेरीज अन्यत्र ब्राउझर ती वापरू देत नाही. त्यामुळे हुबेहूब नकली पान उभारणाऱ्या माणसाची सारी मेहनत वाया जाते. त्याच्यावर एवढा अन्याय केल्यानंतर त्याची पर्यायी सोय करणे हे आपले कर्तव्यच आहे.

म्हणून ‘दुसऱ्या पद्धतीने प्रवेश करा’ हा दुवा आणि त्यामागचा पासवर्ड व एसएमएसचा ओटीपी मुळीच काढू नये. नकली पानावर ‘आपल्या ब्राउझरमध्ये पासकी चालत नाही’ एवढे लिहिले, की कर्मचारी आपणहून ओटीपी टंकतो आणि मधला माणूस तो तत्काळ खऱ्या सर्व्हरला पोचवतो.

खरी गंमत मात्र हेल्पडेस्कवर आहे. समजा, रविवारी रात्री फोन येतो: “मी हिशेब विभागातून बोलतोय, मोबाइल हरवला आहे आणि पगाराची फाइल सकाळी सातला पाठवायची आहे.” अशा वेळी कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख आणि साहेबांचे नाव विचारावे, कारण ही माहिती शोधणे कोणालाही फारसे जड जात नाही. मग तात्पुरता प्रवेशसंकेत फोनवरच वाचून दाखवावा. पलीकडचा गृहस्थ त्यावर स्वतःच्या उपकरणात नवी पासकी नोंदवेल. आता घुसखोराकडेही फिशिंगला दाद न देणारी पासकी आहे, पासवर्ड बदलून ती रद्द होत नाही, आणि आपल्या अहवालात त्याचे लॉगिन सर्वांत सुरक्षित रकान्यात दिसते. खऱ्या कर्मचाऱ्याचा मोबाइल त्याच्या खिशातच असतो आणि त्याची जुनी पासकीही चालूच असते, तेव्हा नवी पासकी नोंदवल्याची सूचना त्याला पाठवून त्याची झोप मोडू नये.

काही कटकटे लोक सांगतील, की रुजू होतानाच प्रत्येकाच्या दोन पासकी नोंदवून घ्या, त्यातली एक सुरक्षा-किल्ली नावाच्या वेगळ्या छोट्या उपकरणावर. नोंदीतल्या क्रमांकावर आपणच उलट फोन करा. वरिष्ठाची संमती घ्या. संकेत एकदाच व थोडाच वेळ चालणारा द्या. आणि खाते परत दिल्यावर उपकरण खरोखर हरवले असेल तर त्यावरची पासकी व चालू सत्रे रद्द करा. (हरवलेला मोबाइल हा उलट फोन घेण्यास असमर्थ असतो, म्हणून दुसरा क्रमांक आधीच नोंदवावा, असेही हे लोक म्हणतात. त्यांना सगळे आधीच हवे असते.) यात दहा मिनिटांच्या कामाला तास लागतो आणि वरिष्ठ रजेवर असला तर सकाळ उजाडते. म्हणून हेल्पडेस्कचे मूल्यमापन फोन किती लवकर संपला यावरच करावे, आणि शंका घेऊन फोन लांबवणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच्या गुणपत्रकात योग्य ती जागा दाखवून द्यावी.