टक्के, शिष्यवृत्ती आणि एक मिनिट : एका कमेंटला उत्तर

"मॅडम, लेख वाचला. भाषणातल्या ओळखीतून टक्के, शिष्यवृत्ती, बक्षिसं काढून टाका असं सांगून तुम्ही मुलांना स्वतःचं कर्तृत्व लपवायला शिकवताय. मतदाराला उमेदवार कसा आहे हे कळायला नको का? नाव दोनदा घ्या, चिन्ह सांगा, ही पुढाऱ्यांची मार्केटिंगची कला झाली. 'आदरणीय व्यासपीठ' सुद्धा नको म्हणे! आमच्या काळी वक्तृत्व म्हणजे संस्कार होते. हल्ली क्लासचं दुकान चालवायला लोक काहीही लिहितात. — एक निवृत्त शिक्षक, सातारा"

सर, नमस्कार. सरच म्हणते, कारण नाव तुम्ही दिलेलं नाही. ओळख कशी करून द्यावी यावर मला शिकवताना स्वतःची ओळख 'एक निवृत्त शिक्षक' एवढ्यावर भागवलीत, ते असो.

माझा लेख शाळेच्या निवडणुकीत उमेदवारानं एका मिनिटाच्या भाषणात स्वतःची ओळख कशी करून द्यावी यावर होता, पण आधी दुकानाचं बघू. माझा क्लास नाही. सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी जून-जुलैत आसपासची पोरं येतात, शाळेचं मंत्रिमंडळ निवडायची वेळ असते, कुणाच्या तरी आईनं सांगितलेलं असतं की त्या काकू भाषण बसवून देतात, म्हणून येतात. फी नाही, उलट चहा-बिस्किटं माझीच. तुम्हाला लेख पटला नाही हे दोन ओळीत सांगता आलं असतं, पण तुम्ही सुरुवातीला 'मॅडम' आणि शेवटी 'दुकान' असं केलंत. साताऱ्याचा माणूस इतका कडू बोलतो हे मला नवीन आहे, तिकडचे कंदी पेढे तर आम्ही आवडीनं मागवतो.

तरीही एक मान्य करते. 'आदरणीय व्यासपीठ' नको म्हणताना मी गुरुजनांना अजिबातच वगळलं असं वाटू शकतं. तर 'सर, मॅडम आणि मित्रांनो, नमस्कार' एवढं जरूर घ्या, चार-पाच शब्द आहेत, काही बिघडत नाही. संस्कारही राहिले. झालं?

आता तुमचं ते एक वाक्य, 'मतदाराला उमेदवार कसा आहे हे कळायला नको का'. कळायला पाहिजेच ना, माझा सगळा लेख त्यावरच होता, तुम्ही बहुतेक टक्क्यांपाशीच थांबलात. आपण मागच्या वर्षीचं एक भाषण घेऊ. पोरगी नववीतली, क्रीडामंत्री पदाला उभी. खरं नाव देत नाही, सानिका पाटील म्हणू. तिनं लिहून आणलेली ओळख अशी होती:

"आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, वंदनीय गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या प्रिय विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, सर्वांना माझा सप्रेम नमस्कार. माझे नाव कुमारी सानिका संजय पाटील. मी इयत्ता नववी ब या वर्गात शिकत आहे. मला आठवीत ब्याण्णव टक्के गुण मिळाले असून पाचवीत मी शिष्यवृत्तीधारक झाले, तसेच वक्तृत्व, निबंध व चित्रकला स्पर्धांत मला अनेक बक्षिसे मिळाली आहेत. मी प्रामाणिक, कष्टाळू व जबाबदार विद्यार्थिनी आहे."

सर, घड्याळ लावून वाचा. साठेक शब्द आहेत. मैदानावर, माईकवर, समोर पाचवी ते दहावीच्या रांगा असताना पोरं मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त बोलायला गेली की पुढचं कुणाला काही कळत नाही, आवाज घुमतो. म्हणजे अर्धं मिनिट ओळखीतच गेलं, त्यातली दहा सेकंद तर नुसतं संबोधन. क्रीडामंत्री होऊन काय करणार हे अजून आलेलंच नाही आणि तिकडं सर घंटेला हात लावून उभे. मग शेवटची तीन वाक्यं पोरगी एका श्वासात पळवते, आणि नेमकं तेच ऐकायचं असतं.

आणि एवढं ऐकून मतदाराला काय कळलं? पोरगी हुशार आहे. बरं, मग? सहावीतल्या पोराला मधल्या सुट्टीत बॅट मिळत नाही ही अडचण आहे, ब्याण्णव टक्क्यांनी ती कशी सुटणार ते त्याला कळत नाही, मलाही कळत नाही. 'प्रामाणिक, कष्टाळू' तर सगळेच म्हणतात. त्या दिवशी ओळीनं पाच-सहा जण बोलतात आणि सगळेच प्रामाणिक असतात.

मी सानिकाला विचारलं, शाळेत तू असं काय करतेस जे सहावीच्या पोरानंही डोळ्यांनी बघितलंय? ती म्हणाली काही नाही. बराच वेळ काही नाहीच म्हणत होती. मग सहज बोलता बोलता म्हणाली की गेल्या वर्षी खेळाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असायची. मधल्या सुट्टीत ती दाराबाहेर पायरीवर शंभर पानी वही घेऊन बसायची, दोरीनं पेन बांधलेला, बॅट नेली की नाव, वर्ग, सही, परत आणली की त्यावर काट. अगं मग हेच की! ओळख अशी झाली:

"सर, मॅडम आणि मित्रांनो, नमस्कार. मी सानिका पाटील, नववी ब, क्रीडामंत्री पदाची उमेदवार. मधल्या सुट्टीत खेळाच्या खोलीबाहेर वही घेऊन बसायची ना, ती मीच. गेल्या वर्षी तिथनं गेलेली प्रत्येक बॅट, प्रत्येक दोरी कुणाकडं आहे ते माझ्या वहीत सापडायचं."

चाळीस शब्दांच्या आत आलं, वीस सेकंदांच्या आसपास. 'जबाबदार' हा शब्द कुठंच नाही, पण समोर बसलेल्या निम्म्या पोरांनी त्या वहीत सही केलेली आहे. यात कर्तृत्व लपवलं कुठं हो? उलट जे कर्तृत्व त्या पदाच्या कामाचं आहे ते तिला स्वतःलाच दिसत नव्हतं, कारण टक्के आणि बक्षिसं म्हणजेच कर्तृत्व असं आपण सगळ्यांनी, त्यात शिक्षकही आले, पोरांच्या डोक्यात भरवून ठेवलंय.

आता तुम्ही म्हणाल टक्क्यांना काही किंमतच नाही का. आहे की, पण ती भाषणाच्या आधी मोजायची असते. कॉलेजच्या निवडणुकांसाठी लिंगडोह समितीनं २००६ साली जे नियम सुचवले त्यात उमेदवाराचा विषय राहिलेला नसावा, हजेरी किमान ७५ टक्के असावी अशा अटी आहेत. त्या अर्जाच्या छाननीत बघायच्या. त्यातनं पास झाला की अभ्यासाचा प्रश्न तिथंच मिटला, पुढं माईकवर परत गुणपत्रिका वाचायची गरज नाही. आणि मार्कांवरच प्रतिनिधी ठरवायचा तर निवडणूक घेताच कशाला? आपल्याकडं कॉलेजांत तेही करून झालंय. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायला लागले, २०१६ च्या कायद्यात परत निवडणुकीची तरतूद आली. तुम्ही शिक्षक होता म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

नाव दोनदा घेण्याला तुम्ही मार्केटिंग म्हणालात. मी नव्वदीच्या सुरुवातीला सांगलीतच कॉलेजला होते, तेव्हाच्या, म्हणजे खऱ्या निवडणुकांच्या काळात, आणि वर्गातनं सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधी पदाला उभी होते. माझं माहेरचं आडनाव पाटील. सांगलीत पाटील म्हणजे काय ते साताऱ्यात बसून कळेलच असं नाही, आमच्या एका वर्गात उभे राहिलेले पाटीलच तिघं होते. मत म्हणजे वहीचा कागद फाडून त्यावर नाव लिहायचं. मोजणीच्या वेळी नुसतं 'पाटील' लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा एक वेगळा ढीग झाला, सरांनी तो सरळ बाद केला, वर्गात आरडाओरडा झाला पण सरांचं बरोबर होतं. मी बोलताना शेवटी 'चिठ्ठीवर माझा रोल नंबर लिहा, सत्तेचाळीस' असं सांगितलं होतं. माझ्या चिठ्ठ्या त्या ढिगात गेल्या नाहीत, मी निवडून आले. बाकीचे दोन पाटील माझ्यापेक्षा चांगलं बोलले होते, हे मी आजही सांगते. तेव्हा मार्केटिंग हा शब्द आम्हाला माहीतही नव्हता.

शाळेत तर गोंधळ अजून वाढतो. मैत्रिणी हाक मारतात 'सानू', भाषणात ती 'सानिका पाटील', आणि मतपत्रिकेवर हजेरीपटातलं जसंच्या तसं उतरलेलं 'पाटील सानिका संजय', आडनाव आधी. पाचवीतलं पोर त्या यादीत 'सानिका' शोधतं, पहिला शब्द पाटील दिसतो, खाली अजून एक पाटील, मागं रांग लागलेली, मग ते दिसेल त्यावर शिक्का मारून मोकळं होतं. म्हणून शेवटचं वाक्य मतपत्रिकेवर आहे अगदी त्याच क्रमानं बोलायचं: "मतपत्रिकेवर चौथं नाव, पाटील सानिका संजय, चिन्ह शिट्टी." पाच सेकंदांचं काम. उमेदवारांची यादी लागल्याशिवाय हे वाक्य पाठ करायचं नाही, कारण क्रम आणि चिन्ह शेवटच्या दिवसापर्यंत बदलतात.

पहिल्यांदा नाव घेतानाची गंमत वेगळीच. आधीच्या उमेदवाराच्या टाळ्या थांबलेल्या नसतात, माईक तोंडापासून लांब असतो, त्यामुळं पहिले दोन-तीन शब्द हमखास वाया जातात. नमस्कार आधी ठेवायचा तो यासाठीही. तो गेला तरी चालतो. मग क्षणभर थांबून नाव, नावानंतर परत थांबायचं. नाव आणि वर्ग एका दमात बोललं की 'सानिकापाटीलनवबी' असं काहीतरी ऐकू येतं.

जमलंय का हे बघायची माझी एकच पद्धत आहे, तुम्हीही करून बघा. घरातलं किंवा शेजारचं एखादं पाचवीतलं पोर बसवायचं, भाषण ऐकवायचं, थोडा वेळ खेळायला सोडायचं आणि मग उमेदवारांची यादी त्याच्यासमोर ठेवून विचारायचं, मघाची ताई यातली कुठली? बोट बरोबर नावावर गेलं तर ठीक. 'ती बक्षिसंवाली' म्हणून ते यादीकडं नुसतं बघत बसलं तर ओळख परत लिहायची. सानिकाच्या पहिल्या मसुद्यावर माझ्या भाच्यानं दुसऱ्याच पाटलावर बोट ठेवलं होतं.

हां, ही पद्धत सगळ्यांना चालत नाही. याच वर्षी शाळेत आलेला मुलगा असेल तर त्याची वही-किल्ली कुणी बघितलेली नसते. असा एक आला होता, इस्लामपूरकडनं बदली होऊन आलेल्यांचा मुलगा. त्याला मी नवा आहे हेच पहिल्या वाक्यात सांगायला लावलं, आणि जुन्या शाळेतली आठवणीतली एक पद्धत, तिथं सामन्यासाठी वर्गांचे वार ठरलेले असायचे, ती इथं आणेन, एवढंच. तो पडला. नव्या पोराला एक मिनिटात जिंकवायचा उपाय माझ्याकडं नाही आणि टक्के सांगून तो निवडून आला असता असंही मला वाटत नाही. अभ्यासमंत्री वगैरे पद असेल आणि उमेदवार खरोखर खालच्या वर्गातल्यांची गणितं घेत असेल, तर तिथंही 'माझ्याकडं गणिताला कोण कोण बसतं, हात वर करा' हे ब्याण्णवपेक्षा भारी पडतं, पण हात वर होणार याची आधी खात्री करून घ्या, नाहीतर मैदानभर हशा.

बाकी पुढारी, संस्कार, आमचा काळ यावर मी वेळ घालवत नाही. तुमची कमेंट उडवलेली नाही, वर आहे तशी ठेवलीय. तुमच्या पद्धतीची एक मिनिटाच्या भाषणातली ओळख लिहून पाठवा, टक्क्यांसकट, भाच्याला ऐकवते आणि त्यानं बोट कुठं ठेवलं ते इथंच लिहिते.