मंडळी, तुम्ही नेमके कुठे झोपलात?

फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या ऑफिसात फ्रेंचमधून प्रेझेंटेशन देणं हे काही फार मोठं संकट नाही. वाक्यं पाठ असतात, स्लाइड्स पाठीशी असतात आणि शब्द अडलाच तर पडद्याकडे बोट दाखवून गंभीर चेहरा केला की वेळ मारून नेता येते. खरा घाम फुटतो तो शेवटची स्लाइड संपल्यावर. समोर सहकारी हाताची घडी घालून बसलेले असतात आणि "कसं झालं?" हे त्यांना त्यांच्याच भाषेत विचारायचं असतं.

आमची कंपनी दूध-चीज वाहून नेणाऱ्या थंड गाड्यांमधलं तापमान मोजणारी यंत्रं विकते. एका मोठ्या डेअरीपुढे मांडणी करायची होती आणि त्याआधी ऑफिसातल्याच माणसांपुढे रंगीत तालीम. मी बोललो, थांबलो आणि पुण्यातल्या क्लासात घोटून घेतलेलं वाक्य टाकलं, "केस क वू झाँ पाँसे?" म्हणजे तुम्हाला काय वाटतं?

शांतता. मग कोणीतरी म्हणालं, "पा माल." दुसऱ्याने ओठ बाहेर काढून खांदे उडवले. तिसरी म्हणाली, "से तँतेरेसाँ", म्हणजे रोचक आहे, आणि लगेच लॅपटॉप मिटला. फ्रेंच माणसाने रोचक म्हणून पुढे काहीच विचारलं नाही, तर त्या रोचकपणावर फार विसंबू नये.

"पा माल"चा शब्दशः अर्थ "वाईट नाही". माझा चेहरा पडलेला पाहून हिशेब खात्यातल्या बाईंनी मला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं आणि इथल्या शाळेतलं गुणांचं गणित सांगितलं. गुण वीसपैकी देतात. दहाला पास. बाकालोरेआला, म्हणजे आपल्या बारावीला, 12 मिळाले तर शेरा "बऱ्यापैकी चांगला", 14 ला "चांगला" आणि 16 ला चक्क "फार चांगला". निबंधाला वीसपैकी वीस ही ऐकीव गोष्ट. मी मनात हिशेब केला. चौदा म्हणजे सत्तर टक्के. आमच्याकडे सत्तर टक्क्यांवर पेढे वाटले असते तर आत्याने पेढा हातात घेऊन "परीक्षेच्या वेळी बरं नव्हतं का रे?" असं विचारलं असतं. तर या शाळेतून शिकून आलेला माणूस "वाईट नाही" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा शाबासकीच देत असतो. आवाज वर गेला आणि मागे "द्यू तू" लागलं, "पा माल द्यू तू", की समजावं, स्वारी खूश आहे.

पण शाबासकीने डेअरीवाले यंत्र विकत घेत नाहीत. मला चुका हव्या होत्या. त्यावर आमच्या विक्रीप्रमुखांनी जे सांगितलं ते कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. म्हणाले, "मत विचारशील तर विशेषण मिळेल. कुठे देक्रोशे झालं ते विचार." देक्रोशे म्हणजे हुकावरून सुटणं. ऐकता ऐकता ज्या क्षणी माणसाचं लक्ष निसटतं आणि तो संध्याकाळच्या भाजीचा विचार करू लागतो, त्याला हे क्रियापद. आणि हे विचारणं इथे उद्धट मानत नाहीत. आपल्याकडे "साहेब, माझ्या भाषणात आपण नेमके कुठे झोपलात?" असं विचारून बघा.

आणखी एक सुधारणा झाली. "झ व्ह", म्हणजे "मला हवं", म्हणून सुरुवात केली की हुकूम सोडल्यासारखं वाटतं. म्हणायचं "झ वुले", म्हणजे भूतकाळ: "मला जरा विचारायचं होतं." हे मात्र मला एका सेकंदात जमलं, कारण उसने पैसे मागताना आपणही "जरा बोलायचं होतं" असंच भूतकाळात शिरतो. तू की तुम्ही, ही धाकधूकही आपल्यासारखीच. सगळ्यांना एकदम विचारताना "वू" चालतं, ते अनेकवचनच आहे. अडचण एकेकट्याला गाठताना येते. आमच्या ऑफिसात बॉसलाही "त्यू" म्हणतात, पण निवृत्तीला आलेल्या तांत्रिक संचालकांशी मी "वू"च ठेवला. सवलत द्यायची तर ज्येष्ठाने द्यावी, हा इथलाही शिरस्ता.

दुसऱ्या तालमीनंतर मी नवं वाक्य टाकलं, "आ केल मोमाँ वू झावे देक्रोशे?" कोणत्या क्षणी लक्ष सुटलं?

धरण फुटलं. तिघे एकदम म्हणाले, "चौथी स्लाइड!" चौथ्या स्लाइडवर कंपनीचा इतिहास होता, संस्थापकांच्या फोटोसकट. माझ्या मते ती आदरांजली होती. त्यांच्या मते तिथपर्यंत गिऱ्हाइकाचं दूध नासलं होतं. एकाने विचारलं, सुरुवातीला तू आराखडा का सांगितला नाहीस? मी तीन भागांत बोलणार, पहिला हा, दुसरा तो, हे आधी सांगायची सवय इथे शाळेतल्या निबंधापासून लागते आणि ते नसलं की ऐकणारा मुक्कामाचं नाव न लिहिलेल्या एसटीत बसल्यासारखा अस्वस्थ होतो. संचालक म्हणाले, गाडीचं दार वारंवार उघडलं तर तुझं यंत्र खोटी धोक्याची सूचना देईल का, हा डेअरीवाल्यांचा पहिला प्रश्न असेल आणि त्याचं उत्तर कुठेच नाही. हे खरंच मोलाचं होतं. ती एक स्लाइड मी त्याच रात्री केली.

हिशेबाच्या बाईंनी शेवटी हळूच किमतीच्या स्लाइडकडे बोट दाखवलं. तिथे यंत्राची किंमत "1,250 युरो" छापली होती. फ्रान्समध्ये स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. हजार दाखवायला ते नुसती मोकळी जागा सोडतात, 1 250 अशी. "या भावात," बाई म्हणाल्या, "मीच घरच्या फ्रीजला दोन घेते." सव्वा युरोत ल्योंमध्ये कॉफीसुद्धा मिळणं कठीण.

हे चाळीस मिनिटं चाललं. मध्येच एकाने माझ्या प्रश्नातलाच उच्चार सुधारला, त्यावर दुसऱ्याने "तो त्याला मांडणीबद्दल विचारतोय, फ्रेंचबद्दल नाही" म्हणून त्याला झापलं आणि मग ते दोघेच आपापसात भिडले. इथे "वी, मे", म्हणजे "हो, पण", याशिवाय वाक्य सुरू होत नाही आणि पहिला "हो" कितपत मनावर घ्यायचा ते अजून मला ठरवता आलेलं नाही. ज्यांचं मत बैठकीत निघालं नाही त्यांचं जेवणानंतरच्या कॉफीला निघालं, आणि तेच सर्वांत कडक निघालं. मोठ्या खोलीत माणूस साहेबांच्या तोंडाकडे बघून बोलतो. मशीनपाशी तो कपाकडे बघून खरं बोलतो.

परवा उलटं झालं. विक्रीतल्या एका तरुण सहकाऱ्याने स्वतःची मांडणी केली आणि वही उघडून थेट माझ्यासमोर उभा राहिला. कुठे लक्ष सुटलं तुझं?

माझ्यावर पुण्याचे संस्कार आहेत, पण पाहुण्यांसमोर वागायचे. मी म्हणालो, "छान झालं."

"छान म्हणजे कुठे?"

"सगळंच."

"सातव्या स्लाइडवर तू खिडकीबाहेर बघत होतास."

मी म्हटलं, उशीर होतोय, उद्या बोलू. तो म्हणाला काही हरकत नाही, मीही पार-द्यू स्टेशनपर्यंतच येतोय. आणि वही न मिटता तो माझ्याबरोबर जिना उतरायला लागला.