प्रचार अंगी लागावा म्हणून काही घरगुती उपाय

विधानसभेच्या मतदानाला तीन दिवस उरले होते. सकाळी पेपर उघडला तर आतून एक चार पानी पत्रक घरंगळलं. पेपरसारखेच कॉलम, पेपरसारखाच ठळक मथळा, कोपऱ्यात तारीख-वारसुद्धा. अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, "आज पेपरात आलंय." मी लिहिलं, काका, ही बातमी नाही, पत्रक आहे, आणि त्यावर छापणाऱ्याचं नावही नाही. दहा मिनिटांत ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली. वर सेक्रेटरींचा खुलासा: "राजकारण नको. तसंही सगळीकडे सारखंच. चीन काय अन् आपण काय."

तेव्हा ठरवलं, आपणच कशाला आंबट तोंड करायचं? प्रचार नीट पचायला लागला की जगणं सुखाचं होतं. स्वतःवर करून पाहिलेले उपाय देतो आहे.

पत्रक हातात आलं की आधी फोटो बघावा, मग मथळा, मग फॉरवर्ड करावं. नजर चुकूनही खालच्या कडेला जाऊ देऊ नये. तिथे एक बारीक ओळ असते, म्हणजे असायला हवी असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 127-अ कलमाप्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापावा लागतो. छापून घेणाऱ्याने सही करून, ओळखीच्या दोन माणसांच्या साक्षीने मुद्रकाला लिहून द्यायचं, आणि मुद्रकाने तो कागद पत्रकाच्या प्रतीसकट जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडायचा. एवढी कटकट कशासाठी? तर खर्च कोणाच्या खात्यात धरायचा ते कळावं म्हणून. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे. पत्रकावर नावच नसेल तर ते आकाशातून पडलं, आणि आकाशाच्या खर्चाला मर्यादा नाही. नियम मोडल्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजारांत आजकाल चार पानी रंगीत पत्रकाचा एक गठ्ठा तरी येतो का हो?

रेकॉर्ड केलेला फोन आला की "हॅलो, कोण बोलतंय?" असं आदराने विचारत राहावं.

कोणी प्रश्न विचारलाच तर वाद घालू नये, विषय बदलावा. इथे चीनकडून खरंच शिकण्यासारखं आहे. तिकडे सरकारची बाजू घेऊन इंटरनेटवर लिहिणाऱ्यांना लोक 'वूमाओ' म्हणतात, म्हणजे अर्ध्या युआनवाले. एका पोस्टमागे तेवढे पैसे मिळतात अशी समजूत. 2014 साली गांझोऊ शहराच्या झांगगोंग विभागातल्या प्रचार कार्यालयाचे ईमेल फुटले. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या तीन अभ्यासकांनी त्यातल्या 43 हजारांहून जास्त पोस्ट तपासल्या. लिहिणारे बहुतेक सरकारी कर्मचारीच निघाले, आणि पोस्टमागे पैसे दिल्याचा पुरावा काही सापडला नाही. पण खरी गंमत मजकुरात होती. आपल्याला वाटेल की टीकाकारांवर तुटून पडले असतील, तर तसं जवळजवळ नाहीच. हुतात्म्यांना वंदन, विकासाचं कौतुक, देशाबद्दल गहिवर. तेही रोज थोडं थोडं नाही, तर कुठे असंतोष उसळण्याची चिन्हं दिसली की एकदम लाट. देशभरात अशा वर्षाला सुमारे 44 कोटी 80 लाख पोस्ट पडत असाव्यात, असा त्यांचा अंदाज.

याच तिघांनी त्याआधी, 2013 मध्ये, पोस्ट पुसण्याचा अभ्यास केला होता. अधिकाऱ्यांना शिव्या घातलेल्या पुष्कळ पोस्ट तशाच राहिल्या होत्या. पुसल्या जात होत्या त्या माणसं एकत्र जमतील अशा, मग मजकूर सरकारच्या बाजूचा असला तरी. म्हणजे एकट्याने कुरकुरायला हरकत नाही. चौघांनी मिळून चौकात यायचं नाही.

हे वाचलं आणि मला आमचा ग्रुप आठवला. मागे मी टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब मागितला होता. उत्तर आलं नाही, पण पाठोपाठ सतरा गुलाब, सूर्योदय आणि 'शुभ सकाळ' आले आणि हिशेब वर कुठेतरी दिसेनासा झाला. झांगगोंगच्या त्या बिचाऱ्या कारकुनांना पगार तरी होता. आमच्याकडे सगळं हौसेने.

घरात एक ब्लेड ठेवावं. बेरिया हा स्टालिनचा गुप्त पोलिसप्रमुख 1953 मध्ये पकडला गेला आणि संपवला गेला. पण मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाचा पाचवा खंड तोवर वर्गणीदारांच्या घरी पोचला होता, बेरियाच्या फोटोसह. मग त्यांना पत्र गेलं की पानं 21 ते 24 आणि फोटो कात्रीने किंवा ब्लेडने कापा, सोबतची नवी पानं चिकटवा. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची भरघोस माहिती होती. स्वतःच्या पैशाने घेतलेलं पुस्तक स्वतःच्याच हाताने कापायचं! आपल्याला नुसतं 'डिलीट फॉर मी' दाबायचं असतं, तेवढीच काय ती प्रगती.

शेवटचा उपाय सर्वांत गुणकारी. काहीही झालं की सुस्कारा टाकून म्हणावं, "सगळे सारखेच." याने विचारही करावा लागत नाही आणि अनुभवी माणूस म्हणून मानही मिळतो.

सगळे सारखेच? खरंच? आणीबाणीतले 21 महिने आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. 28 जून 1975 ला इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर पुढे ती कोरी जागासुद्धा सरकारला चालेना. फरक तिथे आहे. आपल्या जाहिराती फार सोज्वळ असतात म्हणून नव्हे. जाहिरातवाले इथेही लोणकढी थाप मारतातच, पण समोरचा पक्षही जाहिरात देतो. अमेरिकेत निवडणूक प्रचाराच्या 49 प्रयोगांची बेरीज 2018 साली मांडली गेली, तेव्हा सार्वत्रिक निवडणुकीत मत फिरवण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. ती आकडेवारी तिकडच्या दोन पक्षांच्या लढतीची, इथे जशीच्या तशी लावू नका. पण दोन भोंगे समोरासमोर असले की निदान कान तरी आपले राहतात. चीनमध्ये दुसरा भोंगाच नसतो, आणि तो मागणारा माणूस आत असतो.

आणि तुम्ही काय करता? दुसरा भोंगा स्वतःच्या हाताने बंद करता. तुमच्याकडे कोणी पोलीस आला नव्हता, सेक्रेटरीसाहेब. कोणी ईमेलही धाडला नव्हता. एका माणसाने "मुद्रकाचं नाव नाही" एवढंच म्हटलं आणि तुम्ही अंगठ्याने साठ घरांचं तोंड बंद केलंत, वर चीनचं नाव घेतलंत! काका, तुम्ही चाळीस वर्षं बँकेत एकेक व्हाउचर सही बघून पास केलंत, आणि या पत्रकाची खालची कड बघायला तुमचा चष्मा सापडला नाही? तक्रार करायला निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अ‍ॅप आहे, फोटो काढून पाठवायचा. फोटो तर तुम्ही काढलाच होता, फक्त चुकीच्या जागी पाठवलात.

मूळ पत्रक माझ्याकडे आहे, डब्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर. ज्याला बघायचं असेल त्याने दाराची बेल वाजवावी. ग्रुप अजून बंदच आहे.