पंधरा फ्रेमचा नवरा

अमेरिकेतल्या साहेबांची सकाळ उजाडते तेव्हा आमच्याकडे दिवेलागण झालेली असते. त्यांच्या मागे लख्ख खिडकी असते आणि माझ्या डोक्यावर, त्यातही जरा मागच्या बाजूला, नऊ वॅटचा बल्ब. परवा त्यांच्याशी व्हिडिओ मीटिंग चालू असताना बायकोने मागून स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही हलताय की टप्प्याटप्प्याने सरकताय?"

अशा वेळी नेटला शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत आहे. नेट बिचारं दर वेळी दोषी नसतं. वायफाय बंद करून नुसतं कॅमेऱ्याचं ॲप उघडायचं आणि हात हलवायचा. तिथेही हात धुरकट रेघ ओढत गेला, तर मोबाईलचा टॉर्च तोंडावर मारायचा. चित्र झटक्यात सुरळीत झालं की समजायचं, दुखणं उजेडाचं आहे.

त्याचं असं आहे. सेकंदाला 30 चित्रं, म्हणजे फ्रेम, काढायची तर एका चित्रासाठी फार तर 1/30 सेकंद प्रकाश गोळा करता येतो. तेवढ्यात भागलं नाही की कॅमेरा आपल्याला न विचारता ती वेळ वाढवून 1/15 करतो. चेहरा उजळतो, पण चित्रं निम्मी होतात आणि मान वळवली की नाक मागे रेंगाळतं.

हा आगाऊपणा बंद करता येतो. विंडोजवर बऱ्याच वेबकॅमच्या सेटिंगमध्ये `Low Light Compensation` असा चौकोन असतो, त्यातली टिकमार्क काढायची. माझ्या लिनक्सवर ही आज्ञा चालली:

```
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_dynamic_framerate=0
```

जुन्या लिनक्समध्ये याच गोष्टीला `exposure_auto_priority` म्हणतात. आज्ञा दिल्याबरोबर मी सुळसुळीत हलू लागलो, फक्त दिसेनासा झालो. मग `gain` वाढवला, तर चेहऱ्यावर कोणीतरी रवा भुरभुरवल्यासारखं झालं. `brightness` वाढवल्यावर काळे केस राखाडी झाले, म्हणजे खरं वय बाहेर पडलं. न आलेला उजेड सेटिंग तरी कुठून आणणार?

शेवटी लेकीचा टेबल लॅम्प आणला. मीटरभरावरचा दिवा अर्ध्या मीटरवर घेतला की त्याचा उजेड साधारण चौपट पडतो. त्यामुळे जिथे 1/15 सेकंद लागत होता, तिथे 1/60 मध्ये काम भागतं आणि 30 चित्रं आपोआप परत येतात. मात्र दिवा थेट तोंडावर नको, आरोपीची जबानी चालल्यासारखं दिसतं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारला तर उजेड थोडा कमी होतो, पण मऊ पडतो. चष्मेवाल्यांनी दिवा जरा उंच आणि बाजूला ठेवावा, नाहीतर डोळ्यांच्या जागी दोन ट्यूबलाइटी दिसतात. आणि चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर सेटिंगमध्ये विजेची वारंवारता 50 हर्ट्झ करावी. काही कॅमेरे ती 60 धरून बसलेले असतात.

आता माझा चेहरा उत्तम दिसतो. लेक मात्र दिवा तासाच्या भाड्याने देते, आणि साहेबांची मीटिंग कधीच वेळेवर संपत नाही.