ऊन जास्त म्हणून जीव जास्त? मग येऊरचं अगस्त्यमलई का झालं नाही?

«ऊन जास्त तिथे जीव जास्त. विषुववृत्ताजवळ कोट्यवधी वर्षं हवामान बदललंच नाही. नव्या प्रजातीही तिथेच सगळ्यात वेगाने तयार होतात. म्हणजे पृथ्वी तापली की आपल्याकडची जीवसंपदा वाढणारच! ठाणे-मुंबईकरांनो, घाबरू नका. पुढे पाठवा.»

हे मला बाबांनी पाठवलं. रविवारी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरून उतरून उपवनच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या, आणि खाली स्वतःची ओळ: «वाच. तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस.» मी वीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवते आहे. घरच्याच माणसाला हे पटावं, याचा राग आलाच.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं कबूल करते. जैसलमेर आणि अरुणाचलातलं नामदफाचं जंगल साधारण एकाच अक्षांशावर आहेत, सत्तावीसच्या आसपास. आभाळ निरभ्र असल्यामुळे ऊन जैसलमेरला जास्त, पण झाडं कुठे जास्त ते सांगायला नको. २००३ साली हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या भूभागांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या ८५ पैकी ८२ उदाहरणांत प्रजातींची संख्या ऊर्जा, पाणी किंवा दोहोंच्या मेळाने इतर कशाहीपेक्षा चांगली समजत होती. पण त्यातलाच पुढचा निष्कर्ष फॉरवर्डवाल्यांनी गाळला: थंड प्रदेशात अडतं ते उष्णतेवाचून, आणि उष्ण प्रदेशात बहुतेक वेळा पाण्यावाचून. आपण दुसऱ्या गटात आहोत.

आणि पाणी म्हणजे नुसता पाऊस नव्हे. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कमी कोण म्हणेल? पण तो चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने येऊरचे ओहोळ आटत जातात, सागाची, ऐनाची पानं झडतात, आणि फेब्रुवारीत निष्पर्ण काटेसावर फुलते. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलईकडे, कोरडे महिने दोन-तीनच असतात. जायफळाच्या कुळातल्या झाडांचं बी सुकलं की मरतं. ते आपल्या गहू-तांदळासारखं साठवता येत नाही, पडल्यावर लगेच ओली जमीन मिळाली तरच रुजतं. आठ महिने कोरड्या डोंगरावर त्याने काय करावं? आपल्या राज्यात या झाडांची दलदलीतली राई आहे ती दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डेला, आणि तीही बारमाही वाहत्या पाण्यामुळे. ऊन तिथे येऊरपेक्षा वेगळं नाही.

आता दुसरा मुद्दा. यातलं «बदललंच नाही» साफ खोटं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याने आपल्या पायाखालची अख्खी जमीन झाकली. येऊरचा काळा दगड तोच. अलीकडच्या हिमयुगातही आपला मान्सून कमजोर पडला होता. स्थैर्य ही तुलनेची गोष्ट आहे: लाव्हा घाटाच्या दक्षिण भागापर्यंत पोहोचला नाही, आणि तिथली ओल इतरत्र सुकल्यावरही टिकून राहिली.

यावर नेमका अभ्यास आपल्याच घाटावर झाला आहे, २०२३ साली प्रसिद्ध झालेला, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा. त्यांनी संपूर्ण पश्चिम घाटातल्या ४७० वृक्ष-झुडपांच्या प्रजाती, कोण कुणापासून कधी फुटलं ते दाखवणाऱ्या वंशवृक्षावर मांडल्या आणि विचारलं, कोणती शाखा कुठे अडकून आहे, आणि ती किती जुनी? दक्षिण घाट नुसता जुन्या शाखांचा साठा असता, तर तिथे म्हाताऱ्या शाखाच जास्त सापडल्या असत्या. नुसती नव्यांची कार्यशाळा असता, तर तरुण शाखा. सापडल्या दोन्ही. शिवाय उत्तरेकडची यादी ही बरीचशी दक्षिणेच्या यादीतूनच गाळून आलेली दिसते, आणि वंशवृक्षावर एक कोटी वर्षं मागे जाऊन पाहिलं किंवा साडेतेरा कोटी, चित्र जवळपास तेच राहतं. म्हणजे आपल्याकडे पोहोचले ते कोरडेपणा सोसू शकणारे थोडे वंश. बाकीच्यांनी पूर्वजांची ओलीची सवय सोडलीच नाही. नुसत्या आजच्या उन्हाने हे समजत नाही. स्थैर्य आणि काळ धरावेच लागतात.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. दक्षिणेला ओल जास्त, स्थैर्य जास्त आणि डोंगरही उंच (अनाइमुडी २६९५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६). तिन्ही गोष्टी एकाच दिशेने वाढत असल्या की कुणाचा वाटा किती हे आकडेमोडीने पूर्ण सुटं करता येत नाही. कुणी «एकच कारण» सांगू लागलं की म्हणूनच संशय घ्यावा.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. २०१८ साली सागरी माशांचा मोठा वंशवृक्ष तपासला गेला, तेव्हा नव्या प्रजाती सर्वांत वेगाने बनताना दिसल्या त्या ध्रुवांकडच्या थंड पाण्यात, उष्ण समुद्रांत नव्हे. तरी मासे जास्त उष्ण समुद्रांतच. सोसायटीच्या टाकीसारखं आहे: नळ कितीही जोरात असला तरी टाकी दर थोड्या काळाने रिकामी होत असेल, तर भरणार कशी? थंड प्रदेशांतली टाकी बहुधा बर्फाने पुन्हा पुन्हा रिकामी केली.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. «तापली की वाढेल.» युरोपातल्या उंच शिखरांवर तापमान वाढल्यावर वनस्पतींच्या प्रजाती वाढल्याची नोंद खरोखर आहे. बहुधा तिथूनच हे उचललं असावं. पण तिथे खालच्या उबदार उतारांवरून वर चढायला प्रजाती तयार असतात. ठाण्याच्या सपाटीला खाली कोण आहे? आपल्याहून गरम आणि आपल्याहून समृद्ध असा प्रदेश शेजारी असता, तर तिथले जीव आले असते. इथले जीव डोंगर चढून किंवा उत्तरेला सरकून निघून जातील, आणि त्यांच्या जागी यायला रांगेत कुणी नाही. समुद्रात हे दिसूही लागलंय: २०२१ च्या एका अभ्यासात सागरी प्राण्यांच्या ४८,६६१ प्रजातींच्या नोंदी पाहिल्या, तर १९५५ नंतर विषुववृत्तापाशी प्रजातींच्या संख्येतला खड्डा खोल होत गेलेला.

त्यात उष्णता वाढली की माती लवकर सुकते, म्हणजे पाऊस तितकाच पडला तरी कोरडे महिने लांबल्यासारखेच. आठाचे नऊ झाले, तर जायफळाच्या बियाला येऊर जवळ येणार की आणखी लांब जाणार?

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, «एवढं मोठं कोण वाचणार?» मग थोडं थांबून, «दोडामार्गला ट्रेनने जाता येतं का गं?»

सावंतवाडीपर्यंत येतं, बाबा. पुढे एसटी.