जिवणीच्या चिरा, बी-कॉम्प्लेक्स आणि बुरशी

"ताई, लेख पटला नाही. ओठांचे कोपरे फुटले की 'बी' जीवनसत्त्व कमी, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. मला दर वेळी बी-कॉम्प्लेक्सने आठ दिवसांत बरं वाटतं. तुम्ही साध्या गोष्टीला बुरशी ठरवून लोकांना मलमं घ्यायला लावताय."

नमस्कार. तुमच्या आजींचं चुकलेलं नव्हतं. जिवणीच्या, म्हणजे ओठांच्या कोपऱ्यांच्या, चिरांमागे बुरशी असू शकते हे सांगणाऱ्या त्या लेखात आहाराला मी दोनच ओळी दिल्या, ती माझी चूक. आज ती भरून काढते. तोंडाच्या आतली आणि ओठांलगतची त्वचा फार भराभर नवी होत असते, त्यामुळे शरीरात काही कमी पडलं की ते तिथे लवकर दिसतं. बी-२ कमी असेल तर जिवणी सहसा दोन्ही बाजूंनी चिरते, जीभ लाल, गुळगुळीत होते आणि तिखट लागलं की झोंबते. पण लोह, फोलिक अ‍ॅसिड किंवा बी-१२ कमी असलं तरी चित्र जवळजवळ असंच दिसतं. आणि नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत लोह नसतं.

तुमच्या प्रतिक्रियेतला 'दर वेळी' हा शब्द मला खटकला. जिवणीची बारीक चीर चाटणं थांबवलं तर आठवड्याभरात आपोआपही भरते, त्यामुळे बरं वाटल्याचं श्रेय गोळीचंच, असं म्हणता येत नाही. ती पुन्हा पुन्हा का उघडते, हे शोधायला हवं.

माझ्याकडे आलेल्या एका आजींचं सांगते. वय ६६, वर-खाली पूर्ण कवळी, तीही १२ वर्षं जुनी. दोन्ही जिवण्या चिरलेल्या, कडेला पांढुरका ओलसर थर. तीन महिने बी-कॉम्प्लेक्स घेऊन झालं होतं. मधे कुणीतरी दिलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलमही लावलं होतं. चार दिवस आराम पडला आणि मग चिरा आधीपेक्षा खोल झाल्या. स्टिरॉइड लाली दाबतं, पण बुरशीला मोकळं रान देतं.

मी त्यांना कवळी काढायला सांगितली. टाळूवर कवळीच्या आकाराचाच लालभडक डाग होता आणि बुरशीचा साठा तिथेच होता. कॅन्डिडा ही बुरशी बऱ्याच जणांच्या तोंडात मुकाट्याने राहते. रात्रंदिवस न काढलेल्या कवळीखाली मात्र ती माजते. शिवाय कवळीचे दात झिजलेले, जबड्याचं हाड बसलेलं, म्हणून तोंड मिटलं की हनुवटी नाकाकडे सरकायची आणि जिवणीला खोल घडी पडायची. त्या घडीत लाळ साचून कातडी भिजत राहायची. अशा जागी नुसती गोळी काय करणार?

कवळी रात्री काढून ठेवायची, ब्रशने घासायची आणि दंतवैद्याने सांगितलेल्या द्रावणात भिजवायची, इथून सुरुवात केली. टाळूसाठी बुरशीविरोधी औषध दिलं आणि जिवणीला मायकोनॅझोलचं २ टक्क्यांचं मलम दिवसातून दोनदा. हे औषध निवडलं कारण अशा चिरांमध्ये बुरशीसोबत स्टॅफिलोकॉकस जीवाणूही असतात आणि त्यांच्यावरही ते काही प्रमाणात चालतं. (रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी मायकोनॅझोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. दोन्ही एकत्र आली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.) पिवळसर मधासारखी खपली धरली असती, तर आधी जीवाणूंचा विचार केला असता.

दोन आठवड्यांत चिरा मिटल्या. तरी रक्त तपासायला लावलं: हिमोग्लोबिन ९.४ आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ८, दोन्ही कमी. म्हणजे तुमचा मुद्दाही खरा ठरला, फक्त कमतरता 'बी'ची नव्हती, लोहाची होती. लोह कमी असलं की आतली त्वचा पातळ होते आणि बुरशीला रोखण्याची ताकदही घटते. पाळी थांबलेल्या बाईला लोह का कमी पडलं, रक्त पोटातून, आतड्यातून कुठे जातंय का, हे शोधणं गोळीपेक्षा महत्त्वाचं. म्हणून त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. शेवटी उंची वाढवून नवी कवळी केली. घडी उघडली, त्यानंतर चिरा परतल्या नाहीत.

तुमचं वय किंवा आजार मला माहीत नाहीत, म्हणून औषध सांगत नाही. पण पुढच्या वेळी गोळी घेण्याआधी सीबीसी, फेरिटिन, बी-१२ आणि साखर एवढं करून घ्या. मधुमेहात कॅन्डिडा सहज वाढते, आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ उतरतं. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच पाहा. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेत असाल तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून थुंका.

आणि तंबाखू किंवा मिश्री लावत असाल, तर आरशात जिवणीच्या आतल्या बाजूला, गालाकडे बघा. तिथे पुसला न जाणारा जाडसर पांढरा चट्टा असेल, किंवा एकाच बाजूची जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर मलम आणि गोळी दोन्ही बाजूला ठेवून तोंडाच्या डॉक्टरांना दाखवा. तो चट्टा नेमका कशाचा आहे, हे बायोप्सीशिवाय ओळखता येत नाही.